पावसाळाभर कपाटात ठेवलेली लायपो का फुगते?

खंडेनवमीच्या सकाळी पंचवटीहून भाच्याचा फोन आला. जूनच्या सुरुवातीला पाऊस लागला तसा त्याने आपला पाच इंची ड्रोन कपडा गुंडाळून कपाटात ठेवला होता. पूजेला मांडायचा म्हणून तो आज बाहेर काढला, तर त्याच्या दोन लायपो बॅटऱ्यांपैकी एक विचित्र दिसत होती. "मामा, पुरीसारखी फुगलीय. चार महिने हातसुद्धा लावला नव्हता हो तिला, मग खराब कशी झाली?"

दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या. दोन्ही सारख्याच वापरलेल्या आणि एकाच कपाटात, एकाच कप्प्यात ठेवलेल्या. मी त्याला एवढंच विचारलं की ठेवताना त्या किती भरलेल्या होत्या. तो आठवून म्हणाला, "रविवारी उडवायचा म्हणून एक फुल चार्ज केली होती, पण पाऊस आला. दुसरी आदल्या दिवशी अर्धी उडवून तशीच राहिली होती." फुगली ती फुल केलेली.

हातही न लावल्यामुळेच ती फुगली. ड्रोन, मॉडेल विमानं आणि आरसी गाड्यांच्या बॅटऱ्या वापरतानाच नाही, तर नुसत्या कपाटात पडूनही खराब होतात. हे का होतं, हे एकदा नीट समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

## आधी पॅक म्हणजे काय ते पाहू

लायपो म्हणजे लिथियम पॉलिमर. त्या रंगीत वेष्टनाच्या आत सपाट पिशव्या एकावर एक ठेवलेल्या असतात. प्रत्येक पिशवी म्हणजे एक सेल. पॅकवर 4S लिहिलं असेल, तर असे चार सेल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेले आहेत. शेजारचा 1500 एमएएच हा आकडा त्यात किती वीज मावते ते सांगतो.

एका सेलचे तीन आकडे लक्षात ठेवले की पुरे. पूर्ण भरल्यावर सेल 4.20 व्होल्टवर असतो, त्याच्या वर न्यायचा नाही. 3.0 व्होल्टच्या खाली कधी जाऊ द्यायचा नाही. ठेवून द्यायचा असेल तर 3.80 ते 3.85 व्होल्टवर. चार सेलच्या पॅकसाठी यांना चाराने गुणायचं. भरलेला पॅक 16.8 व्होल्ट, ठेवायचा पॅक 15.2 ते 15.4 व्होल्ट.

नाशिककरांना हे गंगापूर धरणावरून चटकन समजेल. धरण काठोकाठ भरलेलं असलं की भिंतीवर सगळ्यात जास्त दाब असतो, म्हणून पावसाळ्यात पातळी बघून विसर्ग करतात. तळाशी मृतसाठा असतो, तो वापरायचा नसतो. 4.20 ही काठोकाठची पातळी, 3.0 हा मृतसाठा, आणि सेलला महिनोन्महिने निवांत राहायला मधली पातळी लागते.

## भरलेली बॅटरी नुसती पडून असताना आत काय चालतं?

सेलमध्ये दोन पत्रे असतात. एकावर ग्रॅफाइट, दुसऱ्यावर लिथियम असलेलं धातूचं संयुग. दोघांच्या मध्ये एक द्रव भिजून राहिलेला असतो, त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. हा द्रव सेंद्रिय द्रावकांचा बनलेला असतो आणि तो पेट घेतो. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये दोन्ही बाजूंचा विजेचा ताण सगळ्यात जास्त असतो. त्या ताणाखाली द्रव हळूहळू फुटतो, म्हणजे त्याचे रासायनिक तुकडे होतात, आणि काही तुकडे वायुरूप असतात. हाच वायू पिशवीत साठतो.

लोखंडी डब्यातल्या गोल सेलला बाहेरून कडक कवच असतं. लायपोची पिशवी म्हणजे प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचा पातळ थर, त्यामुळे वायू झाला की ती सरळ फुगते. आपल्याला दिसतं ते फुगणं, पण खरं नुकसान आत झालेलं असतं. जो द्रव वायू झाला तो परत द्रव होत नाही. शिवाय ग्रॅफाइटवर दुधावरच्या सायीसारखा एक थर असतो. पातळ असेपर्यंत तो सेलचं रक्षण करतो. असा छळ झाला की तो जाड होत जातो आणि वीज जायला अडथळा होतो. हा अडथळा म्हणजे अंतर्गत रोध, चार्जरवर तो मिलीओममध्ये दिसतो.

भाच्याचे दोन्ही पॅक मी माझ्या चार्जरला लावून मोजले, चार्ज मात्र केले नाहीत. अर्ध्या ठेवलेल्या पॅकचे चारही सेल पाच-सहा मिलीओमच्या आसपास होते. फुगलेल्या पॅकचे तीन सेल 14 ते 15, आणि एक 22. असा पॅक उडवला असता तर थ्रॉटल देताच व्होल्टेज कोसळलं असतं आणि तो चटकन तापला असता.

यात उष्णता भर घालते. रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा असा की तापमान सुमारे 10 अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो त्याहून बराच वर जातो. भरलेला पॅक आणि तापलेली जागा, ही जोडी सगळ्यात वाईट. म्हणून माझा नियम असा: उडवायच्या आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी चार्ज करायचं. बेत रद्द झाला तर थंडीत दोन दिवसांत, उन्हाळ्यात त्याच दिवशी पॅक मधल्या पातळीवर आणायचा.

## मग रिकामी करून ठेवली तर?

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर जास्त गंभीर आहे. प्रत्येक सेल नुसता पडून असतानाही थोडी वीज गमावतो. चांगल्या लायपोत हे प्रमाण महिन्याला काही टक्के एवढंच असतं. पण मुळात 3.3 व्होल्टवर ठेवलेल्या सेलकडे गमावायला फारसं काही उरलेलंच नसतं. पुढे तो 3.0 च्या खाली घसरतो. अजून खाली गेला की ग्रॅफाइटखालचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. नंतर चार्ज केल्यावर तेच तांबं भलत्या ठिकाणी जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून दोन व्होल्टच्या आसपास गेलेल्या सेलला थोडंथोडं चार्ज करून 'उठवायचे' जे प्रकार सांगितले जातात, ते करू नका. वर दिसणारं व्होल्टेज परत येतं, आतला पत्रा परत येत नाही.

विसरून लावून ठेवलेल्या गोष्टीही पॅक मारतात. जोडून ठेवलेला ड्रोन किंवा पॅकच्या बारीक तारांच्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये, म्हणजे बॅलन्स लीडमध्ये, खोचून ठेवलेला छोटा व्होल्टेज अलार्म दिवसरात्र थोडी वीज खात राहतो. उडवून झालं की दोन्ही काढायचे.

## स्टोरेज मोड दोन्ही बाजूंनी चालतो

पॅक मधल्या पातळीवर आणायला चार्जरमध्ये स्टोरेज मोड असतो. बऱ्याच जणांना वाटतं की तो म्हणजे डिस्चार्ज. ते अर्धंच खरं आहे. उडवून उतरवलेला पॅक दहा-पंधरा मिनिटं विसावला की साधारण 3.6 ते 3.7 व्होल्टवर असतो, म्हणजे मधल्या पातळीच्या खाली. अशा वेळी स्टोरेज मोड त्याला थोडं चार्ज करून वर आणतो. भरलेला असेल तर खाली उतरवतो. मोड एकच, दिशा चार्जर ठरवतो.

खाली उतरवायला मात्र वेळ लागतो, आणि इथेच लोक कंटाळतात. चार्जरला ती वीज कुठेतरी घालवावी लागते आणि छोटे चार्जर ती स्वतःच्या पोटात उष्णता करून घालवतात. त्यामुळे त्यांची क्षमता पाच-दहा वॉटच असते. भाच्याच्या पॅकचंच गणित करू. भरलेला 4S म्हणजे साधारण 16 व्होल्ट. पाच वॉटला 16 ने भागलं की सुमारे 0.3 अँपिअर येतो. 1500 एमएएचमधले निम्मे, म्हणजे 750, काढायचे आहेत. अडीच तास लागतात. हेच मोठ्या ड्रोनचा 6S 5000 एमएएचचा पॅक असता, तर त्याच चार्जरला सुमारे बारा तास लागले असते.

म्हणून पॅक ड्रोनमध्येच असेल आणि बाहेर जाता येत असेल, तर दोन-तीन मिनिटं उडवून उतरवणं सगळ्यात सोपं. नेहमी जेवढा वेळ उडतो त्याच्या निम्मा वेळ धरायचा. उतरवल्यावर थंड होऊ द्यायचा, मग चार्जरच्या स्टोरेज मोडला लावून उरलेला फरक भरून घ्यायचा. पाऊस असेल तर चार्जरजवळ बसून अडीच तास काढायचे. खोलीत कुणी नसताना हे चालू ठेवायचं नाही, कारण डिस्चार्ज करतानाही पॅक आणि चार्जर दोन्ही तापतात.

मधल्या पातळीवर ठेवलेला पॅक दोन महिन्यांतून एकदा बघितला तरी पुरतो. मी वेष्टनावर कागदी पट्टी चिकटवून तारीख आणि व्होल्टेज पेन्सिलने लिहितो.

## एकूण व्होल्टेज बरोबर, तरी पॅक धोक्यात

आता बॅलन्स चार्जिंग. पॅकला दोन कनेक्टर असतात. जाड तारांचा, बहुतेक वेळा पिवळा, तो मोटरसाठी. दुसरा पांढरा आणि बारीक तारांचा, तो बॅलन्स लीड. 4S ला त्यात पाच तारा असतात. शेजारच्या दोन तारांमध्ये एक सेल बसतो, म्हणून तारा सेलपेक्षा एकने जास्त. या तारांतूनच चार्जरला प्रत्येक सेल वेगळा दिसतो. नुसते जाड कनेक्टर लावले तर त्याला फक्त चौघांची बेरीज दिसते.

बेरीज फसवते ती अशी. चार तांबे एका रांगेत ठेवले आहेत आणि प्रत्येकात सारखंच पाणी पडतं, सारखंच निघतं. त्यातला एक तांब्या थोडा लहान आहे. भरताना तो आधी काठोकाठ होतो, रिकामं करताना आधी कोरडा पडतो. जुन्या पॅकमध्ये एका सेलची क्षमता बाकीच्यांपेक्षा कमी होते, तेव्हा हेच होतं.

बॅलन्स लीड न लावता असा पॅक चार्ज केला, समजा. चार्जर 16.80 ला थांबला. आत मात्र पहिला सेल 4.28 वर, आणि बाकीचे 4.17, 4.17, 4.18. बेरीज अचूक 16.80. पहिला सेल मात्र कमाल पातळीच्या वर गेला, त्यातला द्रव फुटायला लागला. मग तुम्ही उडवलं. स्क्रीनवर 13.7 व्होल्ट दिसतायत, म्हणजे सरासरी 3.42, अजून जरा उडवता येईल असं वाटतं. आत तिघे 3.60 वर आहेत आणि तो लहान सेल 2.90 वर. प्रत्येक फेरीत तोच सेल वरूनही मार खातो आणि खालूनही, आणि दर वेळी आणखी लहान होतो.

बॅलन्स चार्जर पुढे गेलेल्या सेलमधली थोडी वीज एका रोधकातून जाळतो, म्हणजे त्या एकाच तांब्यातून विसर्ग करतो. बाकीचे मागून येऊन गाठतात. छोट्या चार्जरमध्ये हा विसर्ग अगदी बारीक असतो, 0.2-0.3 अँपिअरचा. म्हणून फरक मोठा असेल तर शेवटची पाच टक्के वीज भरायला बराच वेळ जातो. चार्जर अडकला असं समजून मध्येच काढू नका.

यात एक बारकावा आहे, जो मला बऱ्याच उशिरा कळला. सेलचं व्होल्टेज एकसारखं उतरत नाही. नाशिकहून मुंबईला निघालं की इगतपुरीपर्यंत फार उतार जाणवत नाही, मग कसारा घाट लागतो आणि रस्ता एकदम खाली जातो. सेलचंही तसंच: मधला पट्टा बराच सपाट आणि 3.5 च्या खाली घाट. त्यामुळे मधल्या पातळीवर ठेवलेल्या पॅकचे चारही सेल 3.84, 3.84, 3.83, 3.84 असे छान एकसारखे दिसतात, पण त्यातला आजारी सेल लपलेला असतो. त्याची ओळख पटते ती दोन टोकांना. उडवून विसावलेल्या पॅकमध्ये दर वेळी तोच एक सेल इतरांपेक्षा 0.1 व्होल्टने खाली असेल, तर तो पॅक आता थकला आहे. 0.01-0.02 चा फरक असेल तर काळजी नको.

## "दर वेळी बॅलन्स कशाला, पाच-दहा चार्जनंतर एकदा पुरे"

हे म्हणणारे जुने जाणते उडवणारे आहेत, आणि नव्या चांगल्या पॅकच्या बाबतीत ते फार चुकत नाहीत. पण सेल कोणत्या दिवशी मागे पडायला लागला हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि दर वेळी मोजायची संधी बॅलन्स लीड लावूनच मिळते. वेळ वाचतो तो दहा-पंधरा मिनिटं. माझ्या मते तो वाचवण्यासारखा नाही.

चार्ज लावताना मी आधी स्क्रीनवर `LiPo` आहे ना ते बघतो. तिथे `LiHV` निवडलं गेलं तर चार्जर प्रत्येक सेल 4.35 पर्यंत नेतो, आणि साध्या लायपोला ते घातक आहे. मग सेलची संख्या बघतो. मग करंट. पॅकच्या क्षमतेएवढा करंट म्हणजे 1C, 1500 एमएएचला 1.5 अँपिअर. वेष्टनावर जास्त सांगितलेलं असलं तरी घाई नसेल तर 1C च बरा.

उडवून आलेला गरम पॅक लगेच लावायचा नाही, हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं. थंडीत याच्या उलट. जानेवारीत निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात, त्या पहाटे शेतावर रात्रभर गाडीत राहिलेला पॅक तसाच चार्जला लावू नका. गार सेलमध्ये लिथियमला ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळ लागतो. शून्याच्या जवळ तो वरच धातू बनून बसतो आणि तो थर पुढे शॉर्टचं कारण होऊ शकतो. घरात आणून तासभर ठेवला की पुरे.

## मग स्कूटर आणि मोबाइलला हे का लागत नाही?

कारण त्यांच्या बॅटरीला आत राखणदार असतो. एक छोटं सर्किट प्रत्येक सेल किंवा सेलचा गट बघतं आणि मर्यादा ओलांडली की पुरवठा तोडतं. तयार कॅमेरा ड्रोनच्या बऱ्याच बॅटऱ्या तर काही दिवस वापरल्या नाहीत की आपण होऊन खाली उतरतात. हौशी पॅकमध्ये असं काही नसतं. वजन वाचवायचं असतं, शिवाय उडताना मध्येच पुरवठा तुटला तर ड्रोन सरळ खाली येईल. त्यामुळे ते राखणदाराचं काम चार्जर आणि आपण मिळून करायचं असतं.

म्हणूनच चार्ज करायची जागाही विचार करून निवडा. मी गॅलरीत फरशीवर, पडदा आणि गादीपासून लांब, उघड्या तोंडाच्या मोठ्या मातीच्या कुंडीत पॅक ठेवतो. शेजारी वाळूची बादली आणि पाण्याची बादली. पॅक पेटला तर आगीला काही प्राणवायू आतूनच मिळत राहतो, त्यामुळे वाळूने आग विझतेच असं नाही, पण ज्वाळा पसरत नाहीत. आधी चार्जरचा प्लग काढता आला तर काढायचा. लांबून पाणी टाकलं तर आजूबाजूचं थंड राहतं. धूर विषारी असतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. खोलीत झालं असेल तर विझवत बसू नका, सगळ्यांनी बाहेर पडा आणि 101 ला फोन करा.

## फुगलेल्या पॅकचं काय करायचं?

उडवल्यावर गरम पॅक किंचित मऊ लागला आणि थंड झाल्यावर परत घट्ट झाला, तर त्यावर लक्ष ठेवून काही दिवस वापरता येतो. थंड असतानाही बोटाखाली उशीसारखा दबत असेल, पिशवीच्या कडा ताणल्या असतील किंवा गोड, नेलपॉलिशसारखा वास येत असेल, तर त्याला परत चार्ज करायचं नाही. सुई टोचून वायू काढायचा नाही, वजन ठेवून दाबायचा नाही. वायू बाहेर पडेल, पण हवेतली वाफ आत जाईल आणि दोन पत्रे एकमेकांना टेकले तर पॅक तिथेच पेटेल.

भाचा म्हणाला, "मिठाच्या पाण्यात टाकतो ना, सगळे तसंच करतात." मी नको म्हटलं. मिठाच्या पाण्यात तारा आणि टोकं गंजून तुटतात, मग डिस्चार्ज थांबतो, आणि आत वीज तशीच राहिलेली असू शकते. आपण मात्र ती संपली असं समजून बसतो.

आम्ही त्याच्या गच्चीवर, सावलीत, कुंडीत पॅक ठेवला. गाडीचे 12 व्होल्टचे, पाच वॉटचे दोन छोटे बल्ब एकापुढे एक जोडले आणि ते मोठ्या कनेक्टरला लावले. चार महिन्यांनंतरही पॅकमध्ये बरीच वीज होती. बल्ब दोन-अडीच तास चांगले जळले, मग मंद होत गेले. आम्ही ते संध्याकाळपर्यंत तसेच ठेवले आणि लांबून लक्ष ठेवलं. दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरवर प्रत्येक सेल जवळपास शून्य दाखवत होता. एकेक तार वेगळी कापून, प्रत्येक टोकाला टेप लावून पॅक बंद केला. दोन तारा एकदम कापल्या तर कात्रीतच शॉर्ट होतो, म्हणून एकेक.

घंटागाडीत असा पॅक टाकू नये. कचरा दाबताना तो चिरडला आणि आत वीज उरलेली असली तर गाडीच पेटू शकते. भारतात 2022 पासून बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम आहेत आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुढे पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला आधी फोन करून लिथियम घेता का, ते विचारायचं आणि तिथे द्यायचा.

दुसरा पॅक, अर्धा ठेवलेला, 3.79 वर होता. कुंडीत ठेवून 1.5 अँपिअरने बॅलन्स चार्ज लावला. चारही सेल 4.20 ला एका रेषेत आले, आणि दसऱ्याला दुपारी भाच्याने तो उडवला.